भांडण मध्येच थांबवणं म्हणजे पळ काढणं?

‘भांडण रात्रीच मिटवावं, तसंच ठेवून झोपू नये, असं आमची आजी सांगायची. मग मध्येच थांबणं म्हणजे पळ काढणंच की!’

वेळ ठरवून थांबलात, तर नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी भांडणाऱ्या जोडप्यांच्या नाडीचे ठोके मोजले. ठोके मिनिटाला 100 च्या वर गेले की समोरच्याचं बोलणं नीट डोक्यात शिरत नाही. जुनेच टोमणे तेवढे तोंडातून बाहेर पडतात. अंग शांत व्हायला किमान 20 मिनिटं लागतात, म्हणून पाच मिनिटांनी परत बोलायला बसलं की पहिलेच पाढे.

खानापूरचं माझ्या ओळखीतलं एक जोडपं. विषय ठरलेला: निपाणीला माहेरी पाठवलेले पैसे. तो म्हणणार, “विचारलंस का?” ती म्हणणार, “तुझ्या आईला देताना विचारतोस?” मग तो चप्पल घालून बाहेर. कुठं, कधी येणार, काही नाही. याला मात्र पळ काढणंच म्हणायचं.

आता तो म्हणतो, “माझं डोकं तापलंय. साडेनऊला बोलू.” (“तुझं डोकं तापलंय” म्हणालात की संपलं!) तो कोपऱ्यापर्यंत चालून येतो, ती भाजी निवडते. त्या वेळात मनात उत्तरं जुळवत बसलात तर ठोके उतरत नाहीत. आणि ज्यानं थांबवलं, त्यानंच साडेनऊला विषय काढायचा.

मारहाण किंवा धाक असेल, तिथं हा उपाय नाही. तिथं आधी सुरक्षित जागा गाठायची.