देणी वर्षावर्षाची, रोखे आजचे

लातूरमधल्या एखाद्या शिक्षण संस्थेने वसतिगृहातल्या मुलांना शिष्यवृत्ती देण्याचा शब्द दिला आहे, असं समजू. येत्या तीन जूनांना अनुक्रमे 10, 12 आणि 15 लाख रुपये द्यायचे आहेत आणि देणगीचे पैसे आजच हातात आहेत. मराठवाड्यातल्या बहुतेक विश्वस्त मंडळांचं यावरचं उत्तर ठरलेलं असतं: बँकेत मुदत ठेव करायची, ती संपली की पुन्हा करायची. पण पुन्हा करताना व्याजदर काय असेल, हे आज कुणाच्या हातात नसतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 35 मध्ये सरकारी रोख्यांचीही मुभा आहे. मग प्रश्न असा पडतो की कोणते रोखे किती घेतले म्हणजे तिन्ही देणी वेळेवर भागतील आणि आज कमीत कमी पैसे गुंततील?

हा प्रश्न आधी विमा कंपन्यांना पडला. त्यालिंग कूपमान्स हे डच अर्थशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फिलाडेल्फियाच्या पेन म्युच्युअल या आयुर्विमा कंपनीत होते. 1942 मध्ये त्यांनी विमा कंपन्यांना व्याजदराच्या चढउतारापासून असलेल्या धोक्यावर टिपण लिहिलं. पॉलिसीची देणी कधी येतात आणि रोख्यांचे पैसे कधी येतात, या दोन वेळापत्रकांचा मेळ हा त्याचा गाभा होता. पुढे हेच कूपमान्स जहाजांच्या फेऱ्यांचं नियोजन करू लागले आणि त्यातून रेषीय प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे सरळ समीकरणांच्या अटी पाळून खर्च कमीत कमी ठेवण्याच्या गणिताच्या, आरंभकांपैकी एक झाले. 1975 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना कान्तोरोविच यांच्यासह मिळालं ते याच कामासाठी. म्हणजे रोख्यांचा प्रश्न आणि तो सोडवण्याचं गणित एकाच माणसाच्या टेबलावरून गेलं, पण दोन्ही एकत्र यायला बराच काळ लागला.

असे प्रश्न सोडवणारी जॉर्ज डँटझिग यांची सिम्प्लेक्स पद्धत 1947 ची. तरी 1952 मध्ये विम्याच्या देण्यांचा हिशोब मांडणारे ब्रिटिश ॲक्च्युअरी फ्रँक रेडिंग्टन यांनी वेगळीच वाट धरली. वर्षागणिक जुळणी सोडून द्या, मालमत्ता आणि देणी यांचा सरासरी काळ सारखा ठेवा, म्हणजे दर थोडा हलला तरी दोन्हींची किंमत बरोबरीने हलेल, असा तो विचार. त्याचं कारण व्यावहारिक होतं, असं मला वाटतं. हव्या त्या वर्षी संपणारा रोखा बाजारात नसेल, तर नेमकी जुळणी फार महाग पडते.

किती महाग, ते लातूरच्या उदाहरणावर पाहता येतं. सोयीसाठी व्याज वर्षातून एकदा येतं असं धरू. 'अ' रोखा एक वर्षाचा, 6 टक्क्यांचा, भाव 100. 'ब' दोन वर्षांचा, 7 टक्क्यांचा, भाव 101. 'क' तीन वर्षांचा, 7 टक्क्यांचा, भाव 100. आणि 'ड' तीन वर्षांचाच, पण 9 टक्क्यांचा, भाव 105.80. किती दर्शनी रकमेचे रोखे घ्यायचे ते a, b, c, d मानलं, वर्षाअखेरीस उरलेला पैसा s1, s2, s3 मानला आणि तो बिनव्याजी पुढे जातो असं धरलं, तर सगळा प्रश्न म्हणजे एवढाच रेषीय प्रोग्रॅम, आकडे लाखांत:

```
min  1.00a + 1.01b + 1.00c + 1.058d
1.06a + 0.07b + 0.07c + 0.09d      = 10 + s1
        1.07b + 0.07c + 0.09d + s1 = 12 + s2
                1.07c + 1.09d + s2 = 15 + s3
a, b, c, d, s1, s2, s3 >= 0
```

इथे संगणकाशिवायही भागतं, कारण शेवटापासून मागे येता येतं. तिसऱ्या वर्षीचे 15 लाख 'क'मधून यायचे, म्हणून त्याची दर्शनी रक्कम 14.02 लाख. तोच रोखा आधीच्या दोन वर्षांत दरवर्षी 98 हजारांचं व्याज देतो, तेव्हा दुसऱ्या वर्षासाठी 'ब' 10.30 लाखांचा पुरतो आणि पहिल्यासाठी 'अ' 7.83 लाखांचा. एकूण खर्च 32.25 लाख. एक रुपयाही पडून राहत नाही.

9 टक्क्यांचा 'ड' यात कुठेच नाही, आणि ही गोष्ट विश्वस्तांच्या बैठकीत पटवणं अवघड जातं. तिचा खुलासा त्याच प्रोग्रॅमच्या दुसऱ्या बाजूत आहे. प्रत्येक वर्षाच्या अटीला एक सावली किंमत मिळते: त्या वर्षी एक रुपया जास्त द्यायचा झाला तर आज किती लागतील? इथे ती अनुक्रमे 94.3, 88.2 आणि 81.5 पैसे येते. या दराने 'ड'च्या हप्त्यांची किंमत 105.28 भरते, आणि बाजार 105.80 मागतो. म्हणून तो वगळला गेला. व्याजाचा मोठा आकडा हा भावातच वसूल केलेला असतो.

आता 'ब' बाजारातून काढून टाका. दुसऱ्या वर्षी संपणारं काही उरलं नाही, त्यामुळे 'अ'चे पैसे वर्षभर आधी हातात घेऊन बसावं लागतं आणि खर्च 32.92 लाखांवर जातो. एका गहाळ वर्षाचा दंड 67 हजारांचा. बिघाड ओळखायची खूणही इथेच दिसते: पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या सावली किमती सारख्याच, 94.3 पैसे होतात. लागोपाठच्या दोन वर्षांची किंमत एकसारखी आली की मधे पैसा बिनव्याजी पडून आहे असं समजावं आणि त्या वर्षाचा रोखा शोधावा.

हे गणित लंडनमध्ये हॉजेस आणि शेफर यांनी 1977 मध्ये नीट मांडलं. प्रत्यक्ष व्यवहारात ते आलं अमेरिकेत, 1980 नंतर. 1981 मध्ये तिथल्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा परतावा 15 टक्क्यांच्या पुढे गेला होता. निवृत्तिवेतनाची देणी भरघोस व्याजाच्या रोख्यांशी कायमची बांधली की ॲक्च्युअरी देण्यांची किंमत वरच्या दराने काढू देत आणि कंपनीला निधीत कमी पैसे भरावे लागत. सॅलोमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेत मार्टिन लिबोविट्झ यांनी या पद्धतीचा पुष्कळ प्रसार केला. दर पडल्यावर तो हुरूप ओसरला, पण 1985 मध्ये अमेरिकी सरकारने व्याजाचा प्रत्येक हप्ता सुटा विकायची सोय केली आणि गहाळ वर्षांचा प्रश्न बराच सुटला.

आपल्याकडे सरकारी रोख्यांचे असे सुटे हप्ते 2010 पासून करता येतात, पण त्यांचा बाजार पातळ आहे. छोट्या संस्थेला जास्त उपयोगी पडतात ते राज्यांचे विकास कर्जरोखे, कारण वेगवेगळ्या मुदतींमुळे मधली वर्षं भरून निघतात. लिलावात भाव न लावता सामील होण्याची सोय विश्वस्त संस्थांनाही आहे. 2021 ची रिटेल डायरेक्ट योजना मात्र व्यक्तींसाठी आहे. मुदतीआधी परत बोलावता येणारे कंपनीचे रोखे या गणितात घेऊ नयेत. दर उतरले की कंपनी ते परत घेते आणि शेवटच्या वर्षाची अट उघडी पडते.

राहिला पटींचा प्रश्न. रोखे 10,000 च्या पटीत मिळतात, म्हणून आपल्या हिशोबात प्रत्येक रोखा वरच्या पटीत नेला तर 32,40,300 रुपये लागतात. पण 'अ'चे जास्तीचे पैसे पुढच्या वर्षांत वापरायचे असं ठरवलं, तर 'क' 14 लाखांचाच पुरतो. 'ड' बाजूला ठेवून पटींची अट प्रोग्रॅममध्येच घातली की 'अ' 8.6, 'ब' 9.6 आणि 'क' 14 लाख, असं 32,29,600 रुपयांत भागतं.