रात्रीची दारू, सकाळची पाळी: रक्तात उरलेली आणि उतरून गेलेली

कारखान्याच्या गेटवर पहिल्या पाळीच्या वेळी श्वासचाचणी करताना एक वाक्य हमखास ऐकू येते: "साहेब, काल रात्रीची आहे, सकाळपासून थेंबही घेतलेला नाही." बोलणारा बहुतेक वेळा खरेच सांगत असतो. मात्र या एका वाक्याखाली दोन वेगळ्या अवस्था असू शकतात. एकीत दारू अजून रक्तात असते, तर दुसरीत ती पूर्ण उतरलेली असून शरीर सावरलेले नसते. बोलताना आपण दोन्हींना हँगओव्हर म्हणतो, पण यंत्राला त्यांतली पहिलीच दिसते.

एक क्रेन ऑपरेटर घेऊ. त्याचे वजन सत्तर किलो असून त्याने रात्री दहाला सुरुवात करून साडेबारापर्यंत व्हिस्कीचे साठ मिलिलिटरचे चार लार्ज पेग घेतले. म्हणजे त्याच्या पोटात सुमारे ८० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल गेले, आणि ते एकदम रक्तात उतरले असते तर प्रमाण १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १७० मिलिग्रॅम झाले असते. यकृत हे प्रमाण तासाला सरासरी १५ मिलिग्रॅमने कमी करते. झोप, काळी कॉफी, लिंबूपाणी किंवा गार पाण्याची अंघोळ यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. दहा ते सात या नऊ तासांत १३५ मिलिग्रॅम गेले, तरी ३५ उरतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधील मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे, म्हणजे हा माणूस दुचाकीवरून गेटपर्यंत आला तोच कायदा मोडून. त्याला स्वतःला मात्र आपण शुद्धीवर आहोत असेच वाटत असते, कारण रात्रीच्या मानाने त्याला खरोखरच बरे वाटत असते. हा हिशेब ढोबळ आहे. काहींचा वेग तासाला दहाच मिलिग्रॅम असतो, त्यामुळे "इतके तास झाले की चालते" असा ठोकताळा धोरणात लिहू नये.

आता तोच माणूस, तेच चार पेग, पण सुरुवात संध्याकाळी सातला. सकाळी सातपर्यंत बारा तास होतात, सरासरी वेगाने रक्त स्वच्छ होते आणि यंत्र शून्य दाखवते. तरी दारूमुळे झोपेचा उत्तरार्ध तुटक झालेला असतो, अंगातले पाणी कमी झालेले असते आणि डोके जड असते. हँगओव्हरचा त्रास बहुधा रक्तातली दारू शून्याला पोहोचते त्याच सुमारास सर्वाधिक असतो, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. ओव्हरहेड क्रेनवर याचा अर्थ असा, की लोड बांधून खाली उभ्या असलेल्या रिगरने थांबण्याची खूण केल्यावर बटणावरचा अंगठा क्षणभर उशिरा सुटतो, आणि लटकत्या लोडचा झोका तेवढ्याने वाढतो.

विमान वाहतुकीच्या नियमांनी हा फरक ओळखला आहे. उड्डाणापूर्वी बारा तास मद्यपान नको, ही अट वैमानिकांना असतेच, पण डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या नियमावलीत असेही नमूद आहे की रक्तातील प्रमाण शून्य असतानाही मद्याचे दुष्परिणाम ३६ तासांपर्यंत राहू शकतात. माझ्या मते जड यंत्रे चालवणाऱ्या प्रत्येक कारखान्याच्या धोरणात ही नोंद असायला हवी.

म्हणून उपायही दोन लागतात. पहिल्या अवस्थेसाठी चाचणी काटेकोर असावी: प्रत्येकाला नवा माउथपीस द्यावा, आणि आकडा आला तर चूळ भरायला लावून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजावे, कारण माउथवॉश किंवा एखाद्या औषधातील अल्कोहोल तोंडात असेल तर ते एवढ्या वेळात निघून जाते. रक्तातली दारू मात्र एवढ्यात जात नाही. दुसरा आकडाही आला, तर त्या माणसाला कामावर घेऊ नये, आणि त्याला स्वतःची गाडी चालवत घरीही जाऊ देऊ नये.

दुसऱ्या अवस्थेसाठी यंत्र नाही. तिथे पाळीपूर्वीच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे सुरक्षेच्या छोट्या बैठकीत, सुपरवायझरची नजर लागते: उजेड सहन न होणे, हातांचा कंप, सांगितलेले पुन्हा विचारणे. अर्थात अपुरी झोप किंवा तापातही हेच दिसते. त्यामुळे याला दारूचा पुरावा न मानता त्या दिवशी क्रेन, प्रेस किंवा उंचीवरचे काम द्यायचे की नाही, एवढेच त्यावरून ठरवावे. शून्य आकडा आलेल्याने "आज मला क्रेनवर नको" असे आपणहून सांगितले तर त्याची हजेरी कापू नये, कारण ती कापली की दुसऱ्या दिवसापासून कोणी सांगत नाही. उलट डोके हलके व्हावे म्हणून सकाळी उताऱ्याचा एखादा पेग घेऊन येणारे निघतात, आणि शून्यावर आलेला माणूस पुन्हा पहिल्या अवस्थेत जातो.