लेपल वळते ती इस्त्रीने नव्हे

कोटाची लेपल, म्हणजे कॉलरखालची पालटलेली पट्टी, छातीवर वळून पडते, तिला तो आकार इस्त्रीने येतो असा एक सरसकट समज आहे. इस्त्री जरा गरम केली, वाफ सोडली, वर लाकडी ठोकळा दाबला की काम झाले. दुकानातून आणल्या दिवशी ते खरेही वाटते. मग दोन-चार दमट दिवस जातात आणि लेपल एकतर सपाट पुठ्ठ्यासारखी पडते, नाहीतर तिचे टोक समोरच्याकडे वर उचलले जाते.

यामागे लोकरीचा स्वभाव आहे. लोकर म्हणजे केराटिन हे प्रथिन. त्याच्या साखळ्या एकमेकींना असंख्य हायड्रोजन बंधांनी धरून असतात. वाफेने हे बंध सुटतात, कापड दाबून थंड केले की नव्या जागी जुळतात आणि घडी पडते. पण पाणी जसे ते बंध सोडवते, तसे पुढेही सोडवतच राहते. कोरडी लोकर नरम पडायला दीडशे अंशांच्या वर तापमान लागते, पूर्ण भिजलेली लोकर मात्र साध्या खोलीतही नरमच असते. म्हणून इस्त्रीने दिलेली घडी कापडाला दमटपणा मिळेपर्यंतच टिकते. पँटची क्रीज पुन्हापुन्हा मारावी लागते ती याचमुळे.

हाताने बांधलेल्या कोटात लेपलचे वळण रसायनावर सोडलेले नसते. ते लांबीच्या फरकात साठवलेले असते.

कापडाच्या मागे हेअर कॅनव्हास असतो. याचे उभे धागे सुती किंवा लोकरीचे असतात, आणि आडव्या धाग्यांत बकरीचे किंवा घोड्याचे केस असतात. त्यामुळे तो उभ्या दिशेने मऊ लोंबतो आणि आडव्या दिशेने स्प्रिंगसारखा उलटून येतो. केसच का? मेरिनो लोकरीचा तंतू जाडीला सुमारे 20 मायक्रॉन असतो, घोड्याच्या शेपटीचा केस साधारण 150. तंतूचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे साडेसात पट जाड केस सुमारे तीन हजार पट ताठ. तेवढ्याच वस्तुमानाचे लोकरीचे छप्पन्न तंतू एकत्र घेतले, तरी केस त्यांच्या छप्पन्न पट ताठ भरतो. रसायन दोघांचेही तेच, केराटिन. फरक केवळ जाडीचा.

पण सपाट कापडाला सपाट कॅनव्हास जोडला तर तयार होते सपाट फळी. वळण येते ते कॅनव्हास कापडाला जोडणाऱ्या पॅडिंगच्या टाक्यातून, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

दोन थर एकत्र वाकवले की बाहेरच्या थराला जास्त अंतर कापावे लागते. किती जास्त? थरांच्या मध्यांमधले अंतर गुणिले वाकण्याचा कोन, रेडियनमध्ये. वळणाची त्रिज्या मोठी आहे की लहान, याचा इथे संबंधच येत नाही. एक उदाहरण घेऊ. थरांमधले अंतर 1 मिमी धरू आणि लेपलने आपल्या रुंदीत साठ अंश, म्हणजे जवळपास एक रेडियन, वळावे अशी अपेक्षा ठेवू. मग कॅनव्हास कापडापेक्षा फक्त 1 मिमी लांब बसायला हवा. पॅडिंगची रुंदी 8 सेमी आणि ओळी दहा असतील तर दर ओळीला वाट्याला येतो 0.1 मिमी, म्हणजे माणसाच्या जाडसर केसाएवढा. हे मोजपट्टीने मोजून शिवता येत नाही, म्हणून ते बोटाने करतात.

लेपल डाव्या हाताच्या तर्जनीवर वाकवून धरायची, कापड बोटाकडे आणि कॅनव्हास वर. लेपल अंगावर पालटते तेव्हाही कॅनव्हास कापडाच्या बाहेरच्या बाजूला येतो, म्हणून धरायची हीच तऱ्हा. पहिली ओळ लेपल जिथून पालटते त्या वळणरेषेलगत आणि पुढच्या तिला समांतर. सुई ओळीला आडवी घालायची, कॅनव्हासचे दोन-तीन मिमी घ्यायचे आणि खालच्या कापडाचे एखाद-दोन धागे. एक ओळ वरून खाली, दुसरी खालून वर, काम न फिरवता. टाके तिरपे पडतात आणि माशाच्या काट्यासारखी नक्षी उमटते. वळणरेषेपाशी टाका 1 सेमीचा, कडेकडे आणि टोकाकडे जाताना 5-6 मिमीपर्यंत लहान, कारण टोकाला जास्त वळण धरायचे असते. दोरा एकेरी, आणि टाका सैल. घट्ट ओढला तर लेपलच्या खालच्या बाजूस खळ्या पडतात, त्या पुसता येत नाहीत.

टेबलावर सपाट ठेवून नेमके असेच टाके घातले तरी लेपल वळत नाही. टाके तेच, पण साठवलेला फरक शून्य.

टाक्यांऐवजी गोंद लावला तर? दोन सारख्या थरांना मोकळे सोडले तर एकत्रित ताठपणा दुप्पट होतो. घट्ट चिकटवले तर ते एकच दुप्पट जाड थर बनतात आणि ताठपणा जाडीच्या घनाने, म्हणजे आठ पट, वाढतो. पॅडिंगचे टाके या दोन्हींच्या मधे असतात: थर थोडे सरकतात, पण फार नाही. म्हणून लेपल लवचीक राहूनही आकार सोडत नाही. फ्यूज केलेले, म्हणजे असे गोंदाने चिकटवलेले, कोट सरसकट वाईट असतात असे मात्र नव्हे, चांगला फ्यूजिंग वर्षानुवर्षे टिकतो. शिवाय पॅडिंग मशीनही घालते, तेव्हा 'हाताने बनवलेला' या शब्दाला फारसे भुलू नये.

वळणरेषा स्वतः कापडाच्या उरेबात, म्हणजे धाग्यांना तिरकी, जाते, म्हणून ती ताणली जाते आणि छातीपाशी झोल पडतो. तिला धरायला वळणरेषेच्या 6 ते 10 मिमी आत, अंगाच्या बाजूला, सुमारे 1 सेमी रुंद सुती किंवा लिननची फीत लावतात. वळणरेषा 32 सेमी असेल तर फीत 8 मिमी कमी ठेवायची, आणि जादा कापड मधल्या भागातच जिरवून वाफेने आवळायचे. कॅनव्हास आधीच भिजवून आटवलेला हवा. नाहीतर तो नंतर आटतो आणि लेपलवर सुरकुत्या उमटतात.

आता फेसिंग, म्हणजे लेपल पालटल्यावर वर दिसणारे कापड. तो थर सर्वांत बाहेरचा, म्हणून त्याला तोच नियम आणखी कडक लागू होतो. वळणरेषेवर लेपल 180 अंश पालटते: 3.14 गुणिले 1 मिमी, म्हणजे 3 मिमीच्या वर. पुढचे वळण धरून एकूण 4. शिवणाऱ्याने शिलाईसाठी सोडलेल्या मायेव्यतिरिक्त एवढी जादा रुंदी ठेवलीच नाही, तर फेसिंग कडेला ओढतो आणि टोक वर उचलले जाते. सुरुवातीला सांगितलेले टोक बहुतेकदा हेच असते, आणि त्यावर इस्त्री फिरवून काही उपयोग नाही. कड उसवून फेसिंगला जागा द्यावी लागते.

तयार कोट तपासायचा तर लेपल तळहाताने छातीवर सपाट दाबा आणि सोडा. ती परत फुगून वळली तर फरक आत आहे. मग तिची खालची बाजू उजेडात तिरपी धरा: सुईच्या टोकाएवढ्या बारीक खुणांच्या ओळी दिसतील. इस्त्री करताना वरच्या बटणाच्या वरचे 6-7 सेमी मात्र सोडून द्या. तिथे घडी मारली तर वळणाची गोलाई मरते आणि तिच्या जागी धारदार रेघ उरते.