संक्षेप आणि व्याख्या: इतिवृत्ताच्या पहिल्या पानावरची गल्लत

कर्नाटकातल्या आमच्या खानापूर तालुक्यातल्या एका सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त यंदा चाळीस पानांवर गेलं. प्रत फक्त गावात फिरणार असती तर प्रश्न नव्हता. पण ती हिशेब तपासनीसांकडे जाते आणि पुण्या-कोल्हापुरात राहणाऱ्या सभासदांनाही पाठवतो. त्यांच्यासाठी सुरुवातीला शब्दांची यादी जोडली. त्या यादीत मी दोन वेगळ्या गोष्टी एकाच रांगेत बसवल्या, आणि तिथेच चुकलो.

पहिली गोष्ट संक्षेप. पीकेपीएस म्हणजे प्राथमिक कृषी पत्तीन सहकारी संघ. ही अक्षरं कानडी नावातली, म्हणून कोल्हापूरच्या माणसाला ती उलगडत नाहीत. शेजारी 'महाराष्ट्रातील विकास सोसायटीच्या जागी' एवढं लिहिलं की काम झालं. संक्षेप सोडवला तरी वाक्याचा अर्थ तसाच राहतो, वाचायला फक्त सोपं जातं. म्हणून सचिवाने तो आपल्या अखत्यारीत लिहावा, कुणाला विचारायची गरज नाही.

सीमाभागात एक खाच मात्र आहे. डीसी या अक्षरांचा विस्तार डेप्युटी कमिशनर, आणि त्याचं सरळ मराठी उपायुक्त. पण महाराष्ट्रात उपायुक्त म्हटलं की महापालिकेतला अधिकारी डोळ्यासमोर येतो. कर्नाटकातला डीसी तर अख्ख्या जिल्ह्याचा प्रमुख, म्हणजे महाराष्ट्रातल्या जिल्हाधिकाऱ्यासारखा. तेव्हा विस्तार बरोबर असूनही वाचक चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो. अशा ठिकाणी विस्ताराखाली 'महाराष्ट्रातील जिल्हाधिकाऱ्याच्या जागी' अशी अर्धी ओळ हवीच.

दुसरी गोष्ट व्याख्या. इथे शब्द अगदी ओळखीचा असतो, पण त्याचा अर्थ या कागदापुरता आखून घेतलेला असतो. 'थकबाकीदार' कुणाला कळत नाही? म्हणूनच तो कुणी यादीत शोधत नाही, आणि म्हणूनच तो फसवतो.

सभेत ठराव झाला होता की थकबाकीदारांना यंदा उधारीवर खत द्यायचं नाही. बोलणं झालं ते वर्षाहून अधिक काळ पैसे न भरलेल्यांबद्दल, पण ठरावाच्या शब्दांत ते आलं नाही. यादी करताना मी सरळ लिहून मोकळा झालो: 'थकबाकीदार: ज्याचा हप्ता ३१ मार्चपर्यंत जमा झालेला नाही असा सभासद.' वाचायला स्वच्छ वाटत होतं. खातेवही काढून पाहिलं तेव्हा वर्ष उलटलेले निघाले ११, आणि माझ्या ओळीत बसणारे ४२. म्हणजे सभेने न बोललेल्या ३१ जणांचं खत एका ओळीने बंद झालं होतं. तपासनीसांनी समासात पेन्सिलने एवढंच लिहिलं होतं: 'आधार कोणता?'

दोन्हींतला फरक मला तिथे कळला. संक्षेप लिहिणाऱ्याचा असतो, व्याख्या सभेची किंवा पोटनियमांची. शंका आली तर एक करून पाहावं: ठरावातला शब्द काढून त्या जागी यादीतलं स्पष्टीकरण ठेवावं. माणसांची संख्या, रक्कम, मुदत यांपैकी काही हललं, तर ती व्याख्या आहे. मग तिच्यापुढे पोटनियमाचा किंवा ठरावाचा क्रमांक हवाच. क्रमांक सापडत नसेल तर ती ओळ यादीतून काढावी आणि विषय पुढच्या सभेपुढे न्यावा. मी तेच केलं. सुधारित यादी सगळ्या प्रतींसोबत पुन्हा पाठवली, आणि अर्थ ठरवण्याचा विषय आता कार्यक्रमपत्रिकेवर आहे.

आपल्या लिपीची एक अडचण वेगळी. इंग्रजी कागदात व्याख्येतला शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो, म्हणून तो लगेच ओळखू येतो. देवनागरीत मोठं अक्षर नाही. मी आता असे शब्द प्रत्येक ठिकाणी ठळक करतो. संक्षेप ठळक करत नाही, ते आपल्या रूपामुळेच वेगळे दिसतात.

ठळक करताना संगणकावरच्या शोधावर मात्र भिस्त ठेवू नये. 'शेतकरी' शोधलं तर 'शेतकऱ्याला', 'शेतकऱ्यांचे' ही रूपं निसटतात. 'शेतक' एवढंच शोधावं लागतं. संक्षेपाचंही तसंच, एका पानावर पीकेपीएस आणि दुसऱ्यावर पी. के. पी. एस. असेल तर अर्ध्या जागा हाती लागत नाहीत.

यादीचे आता दोन तुकडे केलेत. वर संक्षेप, त्यांना आधाराचा रकाना नाही. खाली व्याख्या, त्यांना आहे. 'थकबाकीदार'ची जागा सध्या रिकामी आहे.