हायब्रिड क्लोज्ड लूप इन्सुलिन प्रणाली

मुख्यतः टाइप १ मधुमेहात वापरली जाणारी, त्वचेखालचा सेन्सर, इन्सुलिन पंप आणि दोहोंना जोडणारे गणिती सूत्र यांची जुळणी. सेन्सर साधारण दर ५ मिनिटांनी शर्करेचा आकडा पाठवतो आणि त्यानुसार पंप दिवसरात्र थोडे थोडे सुटणारे पायाभूत इन्सुलिन वाढवतो, घटवतो किंवा थांबवतो. काही यंत्रे दुरुस्तीचे छोटे डोसही आपणहून देतात. जेवणाचे इन्सुलिन मात्र वापरणाऱ्यानेच द्यायचे असते, म्हणून ही प्रणाली ‘हायब्रिड’.

तिचा उगम कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. काही जण १९६० च्या दशकातील आर्नल्ड कॅडिश यांच्या प्रयोगांकडे, तर काही १९७० च्या दशकातील बायोस्टेटर या खाटेशेजारच्या यंत्राकडे बोट दाखवतात. परंतु ही दोन्ही यंत्रे शिरेवाटे काम करीत. जेवणापूर्वी थोडे इन्सुलिन हाताने देऊन उरलेले यंत्रावर सोपवण्याची कल्पना येल विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या किशोरवयीनांवरील अभ्यासात स्पष्टपणे दिसते, आणि आजच्या अर्थाने आरंभ तेथे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अमेरिकेत अशा पहिल्या व्यापारी यंत्राला २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

जेवणाची नोंद टळत नाही, याचे कारण त्वचेखाली दिलेल्या इन्सुलिनच्या संथपणात आहे. जलद इन्सुलिनचाही परिणाम दिसू लागायला सुमारे १५ मिनिटे आणि शिगेला पोहोचायला तास-दीड तास लागतो. सांगलीतील एखादी विद्यार्थिनी दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी आणि पिठले जेवणार आहे असे समजू. त्यात अंदाजे ८० ग्रॅम कर्बोदके धरली आणि तिचे प्रमाण १० ग्रॅमला १ युनिट असेल, तर तिला ८ युनिट लागतील. जेवणाआधी सुमारे १५ मिनिटे तिने पंपात ८० हा आकडा भरायचा. ती विसरली, तर शर्करा चढू लागल्यावरच यंत्र जागे होते आणि अन्नाच्या मागे धावत राहते. तासाभराने आठवण होऊन तिने पूर्ण ८० भरले, तर यंत्राने एव्हाना वाढवून दिलेल्या इन्सुलिनवर आणखी ८ युनिट पडतात आणि संध्याकाळी साखर उतरून हात थरथरू लागतात. म्हणून उशिरा आठवल्यास डॉक्टर बहुधा निम्माच आकडा भरायला सांगतात, आणि त्याहून उशीर झाला असेल तर दुरुस्ती यंत्रावर सोडायला.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. पोटावरची बारीक नळी, म्हणजे कॅन्युला, आत मुडपली तरी सूत्राला ते कळत नाही; पंप इन्सुलिन सोडल्याची नोंद करतो, पण ते शरीरात पोचत नाही. पंपात दीर्घ परिणामाचे इन्सुलिन नसल्याने काही तासांतच इन्सुलिनअभावी शरीरात तयार होणारी कीटोन ही घातक आम्ले वाढू लागतात. डोस देऊनही शर्करा २५०च्या वर राहिली, मळमळ होऊ लागली किंवा नळीजवळचा कपडा ओलसर लागून इन्सुलिनचा वास आला, तर बोटाच्या रक्ताची शर्करा व कीटोन तपासावेत, कीटोन वाढलेले असल्यास दुरुस्तीचा डोस पंपाने न देता इन्सुलिन पेनने टोचून घ्यावा आणि नळी बदलावी. उलट्या होत असतील तर रुग्णालयात जावे. नळीचा संच एरवीही बहुधा २-३ दिवसांनी बदलावा लागतो.

सेन्सर रक्तातली नव्हे, पेशींभोवतालच्या द्रवातली शर्करा मोजत असल्याने त्याचा आकडा काही मिनिटे मागे असतो, आणि झोपेत त्यावर अंगाचा भार पडला तर तो खोटाच खाली जाऊ शकतो.