फ्लॅपर ड्रेस आणि उरेब गाऊन: पंचेचाळीस अंशांचा फरक

कटोरी ब्लाउज शिवायला दिला की टेलर हमखास विचारतो, "क्रॉसमध्ये कापू का? कापड थोडं जास्त लागेल." १९२० च्या दशकातला फ्लॅपर ड्रेस आणि १९३० च्या दशकातला अंगासरशी ओघळणारा गाऊन यांच्यातला फरक या एका प्रश्नात सापडतो. पहिला कापडाच्या उभ्या धाग्यावर कापलेला, दुसरा त्याला पंचेचाळीस अंशांत तिरका, म्हणजे जुन्या शिंप्यांच्या भाषेत उरेब. कंबर कुठे, घेर किती, पाठ उघडी की झाकलेली, हे फरक आहेतच, पण त्यांतले बरेचसे या कापणीच्या मागोमाग आले.

दोघांची सुरुवात मात्र एकाच ठिकाणी होते. पहिल्या महायुद्धाच्या आसपास पॅरिसच्या फॅशनमधून ताठ कॉर्सेट मागे पडला. त्याआधी कपडा कंबरेवर घट्ट बसून तिथून खाली पसरत असे. कॉर्सेट गेल्यावर कपड्याचा आधार कंबरेवरून खांद्यावर आला. आता खांद्यावरून लोंबणाऱ्या कापडाने शरीराशी कसं वागायचं, याची दोन उत्तरं निघाली.

फ्लॅपर ड्रेसचं उत्तर सोपं होतं: शरीराशी बोलायचंच नाही. समोर एक लांबट चौकोन, मागे एक, बाजूंना सरळ शिवण, बाह्या बहुतेकदा नाहीत. कंबरेचा पट्टा कंबरेवर न राहता खाली नितंबांवर सरकलेला, त्यामुळे छाती, कंबर आणि नितंब एका नळीत जातात. आतून छाती सपाट दाबणारी पट्टी बांधत. अशा ड्रेसला टक्स जवळजवळ लागत नाहीत आणि घरी शिवणारीलाही तो जमतो. तो इतक्या झपाट्याने पसरला, त्याचं हेही एक कारण.

हा साधेपणा भरून काढला तो मण्यांनी. संध्याकाळचे ड्रेस तलम शिफॉन किंवा जॉर्जेटवर काचेचे मणी आणि टिकल्या गच्च भरून केलेले असत. हे काम आकड्यासारख्या टोकाच्या सुईने होई. फ्रान्समधल्या लुनेव्हिल गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत कापड चौकटीवर उलटं ताणतात आणि मणी खालच्या बाजूने अडकवत जातात. ही सुई म्हणजे आपल्याकडच्या आरीचीच बहीण. मण्यांचं वजन पेलायचं तर कापड उभ्या धाग्यावर हवं, कारण उभा धागा ताण सहन करतो आणि फारसा लांबत नाही. तेच मणी उरेब कापडावर भरले असते, तर ड्रेस दर तासाला लांब झाला असता. सरळ कापणी ही फक्त आवड नव्हती, मण्यांचीही ती गरज होती.

आज पार्टीसाठी 'ट्वेन्टीज'चा म्हणून जो गुडघ्याच्या वर जाणारा, सगळीकडे झालरीच झालरी असलेला पोशाख मिळतो, तो फसवा आहे. झालर तेव्हा होती, पण आजच्या पॉलिएस्टरच्या झालरीसारखी नाही. आणि घेर, म्हणजे ड्रेसची खालची कड, दशकभर एकाच उंचीवर नव्हता. १९२३ च्या सुमारास तो पुष्कळच खाली, पोटरीच्याही खाली होता. १९२६–२७ ला तो गुडघ्यापर्यंत चढला आणि फ्लॅपरची आपल्या डोक्यातली प्रतिमा त्या दोन-तीन वर्षांचीच आहे. १९२८ पासून तो पुन्हा उतरू लागला, पण एकसारखा नाही. पुढे गुडघ्याशी आणि मागे घोट्याशी, किंवा रुमालाच्या टोकांसारखा लोंबणारा.

दुसरं उत्तर मादलेन व्हिओने या शिंपिणीचं. जन्म १८७६ चा. कामाला लागली ती लहानपणीच. पुढे पॅरिसमध्ये कालो भगिनींच्या आणि दुसेच्या फॅशनच्या पेढीत शिकून १९१२ मध्ये तिने स्वतःची पेढी काढली. ती युद्धामुळे बंद पडली आणि १९१८ मध्ये पुन्हा उघडली. कागदावर चित्र काढण्याऐवजी ती लहान लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून, टाचून कपडा घडवायची. १९१८–१९ च्या सुमाराचा तिचा एक ड्रेस याचा उत्तम नमुना आहे. क्रेपचे चार चौरस तुकडे, दोन पुढे आणि दोन मागे, प्रत्येक कोपऱ्यावरून टांगलेला. कापड न वाकवता, फक्त चौरस फिरवून तिने धागे तिरके केले. म्हणजे उरेब गाऊन १९३० च्या दशकातला म्हणून ओळखला जात असला, तरी त्याची युक्ती फ्लॅपर ड्रेस ऐन भरात येण्याआधीच तयार होती.

युक्ती अशी. विणीत उभे आणि आडवे धागे एकमेकांना काटकोनात छेदतात. उभ्यावर ओढलं तर धागा स्वतः ताणावा लागतो, तो फारसा ताणला जात नाही. तिरकं ओढलं तर धागे लांबत नाहीत, काटकोन मोडतो आणि जाळी मिटते, जुन्या सरकत्या लोखंडी जाळीच्या दारासारखी. काटकोन ९० वरून ८० अंशांवर आला, तर त्या दिशेने कापड साधारण ८ टक्के लांबतं आणि आडव्या दिशेने ९ टक्के आकसतं. म्हणजे अंगाभोवतीचा ९० सेंटीमीटरचा घेर, एक टकही न घालता, ८२ च्या आसपास येतो. नितंबांनी बाहेर ढकललं तर जाळी तिथे पसरते आणि कंबरेपाशी पुन्हा मिटते. त्यामुळे गाऊन आत न दाबताही अंगाला लागतो आणि पुष्कळदा डोक्यावरून सरकवून घालता येतो, नाहीतर बाजूला चार टिचबटणं पुरतात. आपल्याकडे चुडीदारही याच कारणाने उरेब कापतात.

१९३० च्या दशकात हे का फळलं? जागतिक मंदीने घेर लांबवला, असं सर्रास सांगतात. तारखा मात्र उलट बोलतात. पॅरिसचा फॅशनकार जां पातू याने घेर खाली आणि कंबर जागेवर आणली ती १९२९ च्या शरद ऋतूच्या संग्रहात, वॉल स्ट्रीटचा शेअर बाजार कोसळण्याच्या आधी. १९२८ चे लोंबते घेर तर त्याचीच चाहूल होते. मला पटणारं कारण वेगळं आहे. सरळ नळीत करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. आणि हॉलिवूडला चमक हवी होती. कृष्णधवल पडद्यावर मणी ठिपके दिसतात, साटिन मात्र वळणावळणावर उजेड पकडतं. १९३३ मध्ये वेशभूषाकार एड्रियनने नटी जीन हार्लोसाठी केलेला पांढरा साटिनचा गाऊन त्यामुळेच लक्षात राहिला. पाठ उघडी, कारण सजावट शिवणीतून आणि वळणातून करायची होती. आतले कपडे जवळजवळ नाहीसे, कारण प्रत्येक रेघ बाहेर दिसते.

शिवायला मात्र हा कपडा छळतो. कापड वाया जातं, कारण तिरके तुकडे पन्ह्यात नीट बसत नाहीत. व्हिओने म्हणूनच नेहमीपेक्षा रुंद पन्ह्याचं क्रेप विणून घेई. यंत्रावर शिवण ताणली तर नंतर ती लाटांसारखी दिसते, आणि मुळीच न ताणता शिवली तर घालताना टाका तुटतो. त्यात सगळं कापड सारखं लांबत नाही, उभा धागा आणि आडवा धागा वेगवेगळा ओघळतो. म्हणून गाऊन शिवून झाला की किमान एक दिवस टांगून ठेवतात, आणि मगच तो अंगावर घालून, जमिनीपासून पट्टीने मोजत, घेर कापतात. आधी दुमड घातली तर काही दिवसांत एक बाजू जमिनीला टेकते आणि दुसरी घोट्यावर राहते.

जुना कपडा हातात आला तर बाजूच्या शिवणीजवळचा धागा पाहा. शिवणीला समांतर असेल तर सरळ, कर्णासारखा असेल तर उरेब. आणि दोन्हींपैकी कोणताही असला तरी आडवा घडी करून ठेवा, हँगरवर नको. मण्यांचा ड्रेस स्वतःच्या वजनाने खांद्यावर फाटतो आणि उरेब गाऊन हळूहळू लांबतो. त्या काळच्या काही टिकल्या जिलेटिनच्या असत. त्यांना गरम इस्त्री आणि ओलं फडकं दोन्ही वर्ज्य, नाहीतर त्या वितळून कापडाला चिकटतात.