टक्का मोठा की रक्कम मोठी?
आमच्या अहवालातले आयआरआर आणि एनपीव्ही कसे वाचावेत

आमच्याकडून बँकेसाठी प्रकल्प अहवाल करून घेणाऱ्यांपैकी बरेच जण शेवटचे पान आधी उघडतात आणि एकच आकडा शोधतात: आयआरआर, म्हणजे प्रकल्पाचा अंतर्गत परतावा दर, किती टक्के? दोन पर्याय समोर असले की मोठ्या टक्क्याच्या पर्यायावर बोट ठेवून मोकळे होतात. कधी कधी आम्ही त्याच पानावर कमी टक्क्याचा पर्याय घ्या असे लिहिलेले असते, आणि मग फोन येतो. हे पत्रक त्या फोनचे उत्तर आहे.

उदाहरण काजू प्रक्रियेचे घेऊ. समजायला सोपे पडावे म्हणून आकडे गोल केले आहेत. कारखानदाराकडे एकच शेड आहे आणि त्यात दोन्हीपैकी एकच काही बसते. पर्याय 'अ' म्हणजे हाताने चालणाऱ्या कटिंगला जोड म्हणून नवा बॉयलर आणि ड्रायर: खर्च 10 लाख, आणि पुढची 4 वर्षे दरवर्षी 4 लाख रुपये जादा शिल्लक. पर्याय 'ब' म्हणजे ऑटोमॅटिक कटिंगची पूर्ण लाइन: खर्च 30 लाख, आणि 4 वर्षे दरवर्षी 11 लाख. चार वर्षांनंतर मशिनरीची किंमत शून्य धरली आहे. दरवर्षीची रक्कम कर भरल्यानंतरची, पण बँकेचा हप्ता वजा करण्याआधीची आहे. हप्ता इथे वजा करायचा नसतो. पैशाची किंमत वटाव दरातून, म्हणजे पुढे येणाऱ्या पैशाची आजची किंमत ज्या दराने काढतो त्यातून, एकदा मोजली जाते, हप्ताही वजा केला तर ती दोनदा मोजली जाते आणि चांगला धंदाही तोट्यात दिसतो.

एनपीव्ही काय सांगते

या कारखानदाराला कर्ज आणि स्वतःचे भांडवल मिळून पैसा सरासरी 12 टक्क्यांना पडतो असे धरू. 12 टक्क्यांनी दरवर्षी 1 रुपया चार वर्षे मिळणार असेल, तर त्या चार रुपयांची आजची किंमत 3.0373 रुपये होते. म्हणून 'अ'चे येणारे पैसे आजच्या भावाने 12.15 लाख. त्यातून 10 लाख गेले की निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही, 2.15 लाख. 'ब'चे येणारे पैसे 33.41 लाख, त्यातून 30 गेले की 3.41 लाख. पैशाचा सगळा खर्च भागवून मालकाच्या पदरात आजच्या रुपयांत किती जादा पडते, ते हा आकडा सांगतो.

आयआरआर हाताने कसा काढायचा

आयआरआर म्हणजे ज्या दराला एनपीव्ही बरोबर शून्य होते तो दर. तो थेट सूत्राने सहसा निघत नाही. म्हणून दोन दर घ्यायचे: एका दराला एनपीव्ही अधिक आणि दुसऱ्याला उणे यायला हवी. मधली जागा प्रमाणाने शोधायची, याला अंतर्वेशन म्हणतात.

'अ'ला 20 टक्क्यांनी वटावले की 35,494 रुपये अधिक उरतात, आणि 25 टक्क्यांनी वटावले की 55,360 रुपये उणे. म्हणजे 5 टक्क्यांच्या अंतरात एकूण 90,854 रुपयांची घसरण. शून्यापर्यंत यायला त्यातली पहिली 35,494 रुपयांची घसरण लागते:

```
आयआरआर = 20 + 5 × 35,494 ÷ (35,494 + 55,360) = 21.95 टक्के
```

संगणकावरचे उत्तर 21.86 येते. एवढा फरक चालतो. पण कुणी घाईत 10 आणि 30 टक्के घेऊन हेच गणित केले, तर उत्तर 23.35 येते, म्हणजे जवळजवळ दीड टक्का चढे. चूक नेहमी वरच्याच बाजूला का जाते? दर वाढतो तशी एनपीव्ही सरळ रेषेत घसरत नाही. ती आधी वेगाने आणि मग हळूहळू खाली येते, म्हणजे आलेखाची रेषा खालच्या बाजूला झोळीसारखी वाकलेली असते. आपण दोन टोके सरळ पट्टीने जोडतो. पट्टी झोळीच्या वर राहते, म्हणून शून्याला उशिरा टेकते. पैसे आधी गुंतवायचे आणि नंतर फक्त यायचे, अशा प्रत्येक प्रकल्पात हेच होते. दुसऱ्या कुणाच्या अहवालात हाताने काढलेला आयआरआर दिसला, तर कुठले दोन दर घेतले ते विचारा. अंतर 5 टक्क्यांपेक्षा मोठे असेल, तर मिळालेल्या उत्तराच्या आजूबाजूचे दोन दर घेऊन गणित पुन्हा करायला सांगा.

'ब'साठी 15 आणि 20 टक्के घेतले की 17.40 येतात. नेमके उत्तर 17.3.

आता घोटाळा समोर आहे. टक्क्यात 'अ' पुढे (21.86 विरुद्ध 17.3) आणि रुपयांत 'ब' पुढे (3.41 लाख विरुद्ध 2.15 लाख). गणित कुठेच चुकलेले नाही.

असे का होते

'अ'चे 21.86 टक्के कशावर मिळतात ते पाहा. बँकेच्या घटत्या शिलकीच्या व्याजासारखेच हे गणित आहे. पहिल्या वर्षी 10 लाखांवर 2.19 लाख कमाई. आले 4 लाख, म्हणून 1.81 लाख मुद्दल सुटले आणि प्रकल्पात 8.19 लाख अडकून राहिले. दुसऱ्या वर्षी त्या 8.19 लाखांवर 21.86 टक्के, तिसऱ्या वर्षी 5.98 लाखांवर, चौथ्या वर्षी 3.28 लाखांवर. शेवटी शून्य. म्हणजे हा टक्का प्रकल्पात त्या त्या वेळी उरलेल्या रकमेवरचा आहे. रक्कम किती मोठी आहे हे तो सांगत नाही, आणि सुटून बाहेर आलेल्या पैशाचे तुम्ही काय करता हेही त्याला ठाऊक नाही.

'अ' निवडला तर 'ब'साठी लागणारे आणखी 20 लाख मोकळे राहतात. त्या 20 लाखांचे काय, हा खरा प्रश्न. तो सोडवायला 'ब'मधून 'अ' वजा करा: 20 लाख जादा घाला, दरवर्षी 7 लाख जादा मिळवा. या फरकाचा आयआरआर 14.96 टक्के येतो. पैसा 12 टक्क्यांना पडत असेल, तर 14.96 कमावणारे 20 लाख सोडून देण्यात शहाणपण नाही, 'ब' घ्यावा. पैसा 16 टक्क्यांना पडत असेल, तर तेच 20 लाख तोट्यात जातात, 'अ' घ्यावा. खालच्या आकड्यांत ते उलटताना दिसते (एनपीव्ही लाखांत).

| वटाव दर | अ | ब |
|---|---|---|
| 12 टक्के | 2.15 | 3.41 |
| 15 टक्के | 1.42 | 1.40 |
| 16 टक्के | 1.19 | 0.78 |
| 20 टक्के | 0.35 | −1.52 |

एनपीव्हीचा क्रम तुमच्या पैशाच्या दराबरोबर बदलतो, आयआरआरचा क्रम मात्र दर काहीही असला तरी तोच राहतो. म्हणून आमच्या अहवालात दोन पर्याय असले की आम्ही हा उलटण्याचा दर, म्हणजे इथे फरकाचा आयआरआर 14.96, वेगळा लिहितो. तुमचा दर त्याच्या जवळ असेल, तर दोन्ही पर्याय जवळपास सारखेच आहेत असे समजा आणि निर्णय मजुरांची उपलब्धता, वीज, अशा बाकीच्या गोष्टींवर घ्या.

खर्च सारखा असूनही क्रम उलटू शकतो, तो पैसे येण्याच्या वेळेमुळे. 10 लाख घालून चार वर्षांत 7, 4, 2, 1 लाख देणाऱ्या धंद्याचा आयआरआर साधारण 21.8 येतो. 1, 3, 5, 8 लाख देणाऱ्याचा 18.7. पण 12 टक्क्यांना एनपीव्ही अनुक्रमे 1.50 आणि 1.93 लाख. पहिल्याचा पैसा लवकर सुटतो, मग थोड्याशा उरलेल्या रकमेवर मोठा टक्का दिसत राहतो.

एक अट मात्र विसरू नका. हे सगळे एकच शेड आहे म्हणून. तीन गावांत तीन शेड असतील, हातात फक्त 30 लाख असतील आणि 'अ' तिन्हीकडे बसत असेल, तर तीन 'अ' मिळून 6.45 लाखांची एनपीव्ही देतात, आणि तिथे 'ब' घेणे वेडेपणाचे.

एक्सेलमध्ये स्वतः तपासताना

खर्च B1 मध्ये उणे लिहून आणि पुढची वर्षे B2 ते B5 मध्ये लिहून:

```
=IRR(B1:B5)
=NPV(12%,B2:B5)+B1
```

दुसऱ्या ओळीत B1 कंसाबाहेर आहे हे बघा. NPV पहिल्या रकमेलाही एक वर्ष मागे नेते. B1 आत घातला की 'अ'चे उत्तर 2.15 ऐवजी 1.92 लाख येते, आणि ते इतके पटण्यासारखे दिसते की चूक कुणाच्या लक्षात येत नाही. उत्तराला 1.12 ने गुणून बरोबर आकडा आला, तर हीच चूक झाली असे समजा. IRR बद्दलही एक सावधगिरी: मधल्या किंवा शेवटच्या वर्षात मोठा खर्च येऊन आकड्यांची चिन्हे एकापेक्षा जास्त वेळा बदलत असतील, तर शून्य करणारे दर एकापेक्षा जास्त असू शकतात आणि एक्सेल त्यातला एकच मुकाट्याने देते. 1,600 खर्च, मग 10,000 मिळकत, मग पुन्हा 10,000 खर्च, याचा आयआरआर 25 टक्केही आहे आणि 400 टक्केही. अशा वेळी एनपीव्हीवरच बोला.

येताना काय घेऊन यावे

एनपीव्हीला डोळे झाकून मानावे असेही नाही, ती तुम्ही दिलेल्या आकड्यांइतकीच खरी. वरच्या उदाहरणात एक गोष्ट आम्ही मुद्दाम बाहेर ठेवली होती. काजूबी मिळते ती उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांत, आणि ऑटोमॅटिक लाइन वर्षभर चालवायची तर तेव्हाच जास्त माल भरून ठेवावा लागतो. समजा 'ब'साठी त्या साठ्यात 'अ'पेक्षा 5 लाख जास्त अडकतात आणि चौथ्या वर्षाअखेर जसेच्या तसे परत मिळतात. परत मिळतात, म्हणजे खर्च नाही, असे बहुतेकांना वाटते. पण चार वर्षांनी मिळणाऱ्या 5 लाखांची आजची किंमत 3.18 लाखच. उरलेले 1.82 लाख 'ब'मधून गेले की त्याची एनपीव्ही 1.59 लाखांवर येते, आणि 12 टक्क्यांनाही 'अ' पुढे जातो. म्हणून यंत्रांच्या कोटेशनबरोबर मागच्या दोन हंगामांच्या खरेदीच्या पावत्या आणि गोडाऊनच्या साठ्याची वही आणा, आणि कर्जाचा देऊ केलेला दर पत्रावर लिहून घेऊन या.